चौघांचा डाव, तिघांचे नियम

आमचा कॅरम चौघांचा होता. अण्णा आणि माई एक जोडी, आम्ही दोघं दुसरी. जोडीदार समोरासमोर बसतात, म्हणून बोर्डाच्या चार कडांना चार माणसं आणि माझ्या समोर कायम हे. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे, तिथं गुरुवारी संध्याकाळी आम्ही जमायचो. ह्यांचं आजारपण सुरू झालं तेव्हा आमचं जाणं थांबलं. हे गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत मीच गेले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. माई अधूनमधून दारात येऊन "तुला वाटेल तेव्हा ये" एवढंच सांगून जायची. बोर्डासमोर बसल्यावर समोर कोण असेल, या विचारानं माझे पाय खाली वळत नव्हते.

शेवटी गेले, तेव्हा खोलीत तिघं होते. अण्णा, माई आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर. बोर्डाचा स्टँड भिंतीला लावून ठेवला होता, कारण चौथ्या बाजूला बसायला कुणी नव्हतं. मला बघून मास्तर आणि अण्णांनी स्टँड उचलून पुढे घेतला. भिंतीकडची ती बाजू ह्यांची. माझ्या जुन्या जागेवर मास्तर बसलेले होते, ते उठायला लागले. मी त्यांना बसा म्हटलं आणि ह्यांच्या जागेवर बसले. इथून खोलीचं दार दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. उजवीकडे माई, समोर मास्तर, डावीकडे अण्णा. कॅरममध्ये पाळी उजवीकडे जाते, म्हणजे माझ्यानंतर माई. पुढचं सगळं या बसण्यावर अवलंबून आहे, म्हणून ते एवढं सांगितलं.

मी विचारलं, "पांढऱ्या कुणाच्या?"

माई म्हणाली, "आता पांढऱ्या-काळ्या कुणाच्याच नाहीत गं. आम्ही पॉइंट खेळतो."

पॉइंटचा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलेलो असतो. सोंगटी कुठल्याही रंगाची असो, जो टाकेल त्याची. काळी 10, पांढरी 20, राणी 50. नऊ काळ्यांचे 90, नऊ पांढऱ्यांचे 180 आणि राणीचे 50, असा पूर्ण बोर्ड 320 चा. ज्याचे जास्त त्याचा बोर्ड. आमच्यात हा खेळ मुलांचा मानला जायचा. मोठी माणसं रंगाचा डाव खेळायची, आणि आमच्या त्या डावाचे नियम ह्यांनी घालून दिलेले होते. राणी 5 ची, डाव 29 चा, अंगठ्यानं मारायचं नाही आणि आपल्या रेषेच्या मागची सोंगटी थेट मारायची नाही. ती हवी असेल तर स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत आणायचा.

अण्णांनी सगळं बसवून घेतलेलं सांगितलं. आम्ही दोघं यायचे थांबलो तेव्हा ते दोघंच उरले. मग मास्तर यायला लागले आणि तिघं झाले. तिघांत जोड्या पडत नाहीत. दोघांनी खेळायचं आणि तिसऱ्यानं बसून राहायचं, असं त्यांनी करून पाहिलं, पण एक बोर्ड लांबला की बसलेला माणूस जांभया द्यायला लागे. तिघांना एकत्र खेळायचं तर पॉइंटशिवाय दुसरा मार्ग नव्हता. नियम कुणी ठरवून बदलले नव्हते, दोन माणसं कमी झाली म्हणून ते बदलले होते. हे ऐकताना मला गलबलून आलं. आमच्यावाचून त्यांचं काही अडलं नसेल असं मी घरी बसून धरून चालले होते, आणि इथं आमच्या नसण्यानं अख्खा खेळ दुसरा झाला होता.

पहिला बोर्ड मात्र मला नीट सांगायला हवा, कारण नियम बदलला की चांगला फटका कसा उलटतो हे त्यात दिसतं.

रंगाच्या डावात आमच्या जोडीची एक रीत होती. टाकता येत नसेल तर आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडावर नेऊन ठेवायची. शक्यतो समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडावर. ती तिथं बसली की तीन कामं होतात. मला ती सरळ समोर असते, हवी तेव्हा टाकता येते, म्हणून राणी घेतल्यावर कव्हर, म्हणजे तिच्यामागून लगेच टाकायची आपली सोंगटी, तयार असतं. विरुद्ध बाजूच्या काळ्या सोंगटीची वाट ती अडवते. आणि माझ्या उजवीकडे बसलेल्याच्या दृष्टीनं ते पॉकेट त्याच्याच उजव्या हाताशी, रेषेच्या मागे येतं, म्हणजे आमच्या नियमानं त्याला तिला थेट हातच लावता येत नाही. त्यानं कडेवर आपटून ती टाकलीच, तरी पांढरी आमच्याच खात्यात जमा. हे समोरून नुसते "ठेव" म्हणायचे आणि मी ठेवायची. ह्या रीतीवर आम्ही कितीतरी डाव काढले.

त्या संध्याकाळी हात आपोआप तसाच चालला. मी एक पांढरी टाकली. पुढची सरळ जात नव्हती, म्हणून हळू ढकलून समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडावर नेली. फटका अगदी मनासारखा बसला. पाळी माईकडे गेली. राणी मधल्या वर्तुळाच्या जरा अलीकडे मोकळी होती, माईनं कट मारून ती टाकली. आता तिला कव्हर हवं होतं आणि पॉइंटमध्ये कव्हरला कुठलीही सोंगटी चालते. तिनं स्ट्रायकर रेषेच्या उजव्या टोकाला, गोल पूर्ण झाकून ठेवला, हात फिरवला आणि अंगठ्यानं मागे टिचकी मारली. वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. मी ठेवलेली पांढरी आत गेली. राणीचे 50 आणि पांढरीचे 20 माझ्या एका चांगल्या फटक्यातून माईला मिळाले.

मी बघतच राहिले, "अंगठा?"

माईनं उजवा हात माझ्यापुढे धरला. पहिल्या बोटाच्या नखाजवळचा सांधा गाठ आल्यासारखा सुजलेला होता आणि बोट एका बाजूला कललं होतं. "या बोटानं टिचकी मारली की रात्रभर ठणकतं. डॉक्टर म्हणाले, बोटाला विश्रांती द्या. मी म्हटलं, अंगठा आहे ना."

बोर्ड संपला तेव्हा माईचे 170, मास्तरांचे 70, अण्णांचे 50 आणि माझे 30 झाले होते. माईच्या पाच पांढऱ्यांपैकी तीन मी तोंडावर आणून ठेवलेल्या होत्या. त्या तिन्हींचे 60 आणि कव्हर मिळाल्यानं पदरात पडलेले राणीचे 50, असे तिच्या 170 पैकी 110 माझ्या ठेवण्यातून गेले. माई काही बोलली नाही. तिनं मला चहा ओतून दिला आणि पुढचा बोर्ड मांडायला घेतला.

घरी आल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार केला. पॉइंटमध्ये "आपली सोंगटी" हा प्रकारच नाही, म्हणून राखणं हा प्रकारही नाही. जे राखाल ते उजवीकडच्याचं. चौघं खेळत असतील तर ठेवलेली सोंगटी मला परत मिळायच्या आधी तीन माणसांच्या हाताखालून जाते. म्हणजे टाकता येत नसेल तेव्हा सोंगटी पॉकेटच्या जवळ न्यायची नाही, लांब न्यायची. पण नुसती लांब नेऊनही भागत नाही, कारण मध्ये मोकळी असलेली सोंगटी सगळ्यांनाच मिळते. मला सापडलेली जागा माईच्याच बाजूच्या कडेच्या मध्यावर आहे. तिथं सोंगटी लाकडाला चिकटून बसली की माईनं अंगठ्यानं मागे मारली तरी ती कडेवर आपटून परत येते, पॉकेटात जात नाही. मास्तरांना ती कडेकडेनं घसरवत न्यावी लागते, तो बारीक कट चुकला की स्ट्रायकरच पॉकेटात जायची भीती. अण्णांना ती अगदी समोर, तीच अडचण. माझ्याकडे पाळी परत येईपर्यंत ती तिथंच राहण्याची शक्यता बरीच असते, आणि मला तो कडेचा कट जमतो.

बोर्ड फोडण्याचंही असंच. रंगाच्या डावात आम्ही जोरात फोडायचो, सगळ्या सोंगट्या मोकळ्या झाल्या की आपल्या नऊंना वाटा मिळतात. पॉइंटमध्ये जोरात फोडून काही गेलं नाही तर मांडलेलं ताट उजवीकडच्यापुढे सरकवल्यासारखं होतं. मास्तर इतक्या हळू फोडतात की एकदोन सोंगट्याच ढिगातून सुटतात, बाकी ढीग जागच्या जागी. पहिल्यांदा मला ते भित्रेपणाचं वाटलं होतं, पण ते बरोबर आहे.

त्यांनी केलेला एक नियम मला फार आवडला. स्ट्रायकर पॉकेटात गेला की ड्यू, म्हणजे टाकलेली एक सोंगटी परत बोर्डावर, आणि पाळी जाते. रंगाच्या डावात ती सोंगटी विरुद्ध बाजूचा माणूस बाहेरच्या वर्तुळाच्या आत त्याला हवी तिथं ठेवतो. पॉइंटमध्ये विरुद्ध बाजू कुठली? सगळेच विरुद्ध. सुरुवातीला उजवीकडचा ठेवायचा, कारण पुढची पाळी त्याची. मग तो ती स्वतःला सोयीची ठेवून लगेच टाकायचा, म्हणजे एका ड्यूचा दुहेरी फटका. मास्तरांनी सुचवलं की ड्यू डावीकडच्यानं ठेवायचा. त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी येते, त्यामुळे तो कुणालाच सोपी जाणार नाही अशी ठेवतो. माणूस किती स्वार्थी वागेल हे धरून त्यातून न्याय काढलेला आहे. ह्यांना हा नियम पटला असता.

काही गुरुवार असे पॉइंटचे गेले. माझे आकडे सुधारले, माईला माझ्याकडून मिळणारं फुकटचं बंद झालं. मग एकदा मीच विषय काढला. "आता आपण चौघं आहोत. जोड्या पडतात. रंगाचा डाव लावायचा का?"

कुणी पटकन बोललं नाही. जोड्या म्हटलं की माझा जोडीदार कोण हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न माझ्यासमोर काढायचं त्या तिघांनी टाळलं होतं हे मला तेव्हा कळलं. मीच म्हटलं, "मास्तर माझ्या समोरच बसतात. मास्तर आणि मी."

अण्णांनी विचारलं, "नियम कुठले, वहिनी? जुने?"

माईनं हात मांडीवर ओढून घेतला. जुने नियम म्हणजे अंगठा नाही, म्हणजे माई नाही. तो नियम ह्यांनी का केला होता हे मला ठाऊक होतं. तेव्हा इमारतीतली मुलं बोर्डाभोवती असायची, मध्येच खेळायला बसायची, आणि अंगठ्यानं मागे मारताना स्ट्रायकर उडून कुणाच्या तरी तोंडावर जायचा. पंधरा ग्रॅमपर्यंतचा कठीण तुकडा डोळ्याला लागला तर काय होईल, या काळजीनं तो नियम आला होता. ती मुलं मोठी होऊन कुठं कुठं गेली. स्पर्धांच्या नियमांत अंगठा चालतो, आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघालाही तो मान्य आहे. मी म्हटलं, "अंगठा चालेल. मागचीही थेट मारायची. ह्यांनी तो नियम मुलांसाठी केला होता."

आपल्या माणसाचा नियम आपणच काढायचा, तर आधी घशाशी आवंढा येतो. पण तो कशासाठी होता हे त्या खोलीत मलाच नक्की माहीत होतं, म्हणून तो काढणंही माझंच काम होतं.

पहिला रंगाचा बोर्ड आम्ही हरलो, आणि कसे हरलो ते सांगते. पांढऱ्या आमच्या. मी जुन्या रीतीनं एक पांढरी समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडावर ठेवली. आता माईला ती टाकून फायदा नव्हता. अंगठा असला तरी टाकली की आमच्या खात्यात. तिनं आपली काळी खेळली. मग मास्तरांची पाळी. ते पॉकेट त्यांच्या डाव्या हाताशी, रेषेच्या मागे. त्यांनी अंगठ्यानं ती पांढरी टाकून दिली. नंतरचा फटका चुकला. अण्णा खेळले. माझी पाळी आली तेव्हा राणी समोरच्या डाव्या पॉकेटला सरळ लागली होती, पण कव्हरला एकही पांढरी जवळपास नव्हती. राणी घेऊन कव्हर झालं नाही तर ती परत मध्यावर येते आणि पुढच्याला आयती मिळते, म्हणून मी तिला हात लावला नाही. माईनं लगेच राणी घेतली, तिच्याकडे काळी तयार होतीच. अण्णांनी बोर्ड संपवला तेव्हा आमच्या चार पांढऱ्या उरल्या होत्या.

मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, ती राखलेली होती. राणीसाठी."

ते म्हणाले, "तोंडावर आलेली पांढरी सोडवत नाही हो, वहिनी. इतके दिवस हीच सवय लागली."

सवय दोघांचीही होती, उलट्या दिशांनी. मला टाकायचं सोडून ठेवायची, त्यांना ठेवलेलं दिसलं की टाकायची. आम्ही एवढंच ठरवलं की राणी बोर्डावर आहे तोवर तोंडावरची एक सोंगटी जागची हलवायची नाही, आणि राणी गेली की ज्याला जी दिसेल ती त्यानं टाकायची. खेळताना जोडीदारानं बोलायचं नाही हेही मास्तरांनी मागितलं, स्पर्धेत चालत नाही म्हणून. ते मी मान्य केलं. समोरून "ठेव" ऐकू येणार नव्हतंच.

वाद उरला तो गुणांचा. त्या हरलेल्या बोर्डाचे अण्णांनी वहीत 9 लिहिले. हरलेल्या बाजूच्या चार सोंगट्यांचे 4 आणि राणीचे 5. मास्तर म्हणाले 7, कारण आता स्पर्धांमध्ये राणी 3 ची असते आणि डाव 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा. अण्णा 29 आणि 5 सोडायला तयार नाहीत, आमची वही पहिल्या पानापासून तशीच आहे म्हणतात. मी मास्तरांच्या बाजूनं आहे. राणी 5 ची असली की एक सोंगटी राखून जिंकणाराही 6 घेऊन जातो, आणि सहा सोंगट्या राखून पण राणीशिवाय जिंकणाराही 6 च घेतो. राणी घेणं कौशल्याचं आहे, पण ते पाच सोंगट्यांएवढं नाही. तीन ठीक आहे. हे मात्र 5 वरच अडून बसले असते.

सध्या वहीत दोन रकाने आहेत. गेल्या डावात अण्णा-माईंनी चार बोर्ड घेतले, चारही राणीसकट, 4, 3, 1 आणि 3 सोंगट्यांनी. आम्ही चार घेतले राणीशिवाय, 7, 6, 8 आणि 5 नी. अण्णांच्या रकान्यात ते 31 वर आणि आम्ही 26 वर, म्हणून डाव त्यांचा. मास्तरांच्या रकान्यात आम्ही 26 वर आणि ते 23 वर, डाव आमचा. माईनं दोन्ही रकाने नीट तपासले आणि अजून कुठल्याच बाजूनं मत दिलेलं नाही. ती एकटी राहिली आहे, तिचं मत आमच्या बाजूनं पडलं तर ठरेल, अण्णांच्या बाजूनं पडलं तर दोन-दोन.